भरल्या पानावरून उठलेल्या जावयाने सासरी पाठवायचा संदेश: मसुदा तपासून द्या

हडपसरकर (३ ऑगस्ट २०२३, रात्री १०:४०)

थोडक्यात परिस्थिती सांगतो. सासर सांगलीचं. रविवारी, ३० जुलैला, अधिक मासाचं धोंड्याचं जेवण होतं, पंधराएक पाहुणे होते. फ्लॅट २०१६ मध्ये घेतला तेव्हा सासऱ्यांनी आठ लाख दिले होते. फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे. जेवताना सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कागदावर आमच्या पोरीचं नाव कधी लागणार?" मी म्हणालो, "तुमचे आठ लाख तोंडावर फेकतो, मग विचारा." आणि उठलो. बायको आणि मुलगा मागोमाग निघाले. घरात तेव्हापासून कोणी कोणाशी धड बोलत नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवतोय. काय बदलू?

"नमस्कार आई-बाबा. रविवारी जे झालं त्यात माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा. रागाच्या भरात शब्द निघून गेला. पण बाबांनी सगळ्यांसमोर तो विषय काढायला नको होता. तुमच्या आठ लाखांचा मी कधीही विसर पडू दिलेला नाही. ही नीट जेवत नाही, मुलगा रोज विचारतो आजोबांकडे कधी जायचं. घराच्या शांततेसाठी हा संदेश पाठवत आहे. झालं गेलं विसरून जाऊ."

घाईत_आहे

मस्त आहे, पाठवून टाका. फक्त आठ लाखांचा उल्लेख काढा. लेखी कबुली कधीही देऊ नये, उद्या कोर्टात तोच पुरावा.

लेकुरवाळी

पाठवू नका!! थांबा.

शब्दखडा

लेकुरवाळी यांच्याशी सहमत, थांबा. सावकाश लिहितो, कारण या मसुद्यात माफी तीनदा आली आणि तिन्ही वेळा परत घेतली गेली.

पहिल्यांदा "असेल तर" मध्ये. चुकलं की नाही हे तुम्हालाच पटलेलं नाही, समोरच्यांनी ठरवावं, असा त्याचा अर्थ होतो.

दुसऱ्यांदा "शब्द निघून गेला" मध्ये. मराठीत ही पळवाट फार सोयीची आहे. शब्द गेला, बोललं गेलं, हातून झालं. वाक्यात कर्ताच नाही. शब्द काय आपल्या पायांनी बाहेर पडला? "मी बोललो" असं लिहा. दोनच शब्द आहेत, पण लिहिताना बोट अडतं, आणि अडतं म्हणूनच ते खरं वाटतं.

तिसऱ्यांदा "पण" मध्ये. "पण" आला की वाचणारा त्याच्या आधीचं सगळं पुसून टाकतो आणि पुढचं लक्षात ठेवतो. सासऱ्यांच्या डोक्यात एवढंच राहील की जावयाने आपली चूक काढली.

शेवटी "झालं गेलं विसरून जाऊ". हे वाक्य ज्याला लागलंय त्याने म्हणायचं असतं. ज्याने लावलं त्याने म्हटलं की तो हुकूम होतो.

घाटमाथा

माफी जावयाने का मागायची? चारचौघांत विषय कोणी काढला? आमच्याकडे मेव्हण्याच्या लग्नात मला आहेर द्यायचा राहिला, तर सासरे स्वतः घरी आले होते. सासऱ्यांनीच आधी फोन करायला हवा.

लेकुरवाळी

घाटमाथा, तुमचा आहेर वेगळा. त्यांचा प्रश्न संदेश कसा लिहायचा हा आहे, कोणी आधी लिहायचा हा नाही.

हडपसरकर, बायको जेवत नाही आणि मुलगा विचारतो, ही दोन्ही वाक्यं काढा. त्यातून असं वाचलं जातं की तुमच्या हट्टामुळे तुमची पोर उपाशी आहे. ती आई रात्रभर झोपणार नाही आणि सकाळी लेकीला फोन करून रडेल. म्हणजे संदेश तुम्ही लिहिला, ओझं पुन्हा बायकोवर.

तात्या_मिरजकर

एक साधा प्रश्न. तुम्ही त्यांना रोज काय म्हणता? सांगली म्हणजे बहुतेक मामा-मामीच म्हणत असणार.

हडपसरकर

हो, मामा-मामी. लिहिताना आई-बाबा जास्त आदराचं वाटलं म्हणून.

तात्या_मिरजकर

अहो, तिथेच कळतंय की पत्र दुसऱ्याचं आहे! सात वर्षं मामा म्हणणारा माणूस एकदम बाबा म्हणाला की पहिली शंका येते ती मुलीने लिहून दिल्याची. दुसरी शंका इंटरनेटवरून घेतल्याची. रोज जे म्हणता तेच लिहा.

आणि दुसरं, आणि खरं सांगायचं तर मोठं. तुम्हाला वाटतंय भांडण आठ लाखांवरून झालं. मामांचं असेल. मामींचं नाही. तुम्ही भरल्या पानावरून उठलात. आमच्या भागात याला जी किंमत आहे ती शब्दांना नाही. शब्द लोक विसरतात. "त्या वर्षी धोंड्याला जावई पानावरून उठले" हे वीस वर्षं सांगितलं जाईल. तुमच्या मसुद्यात पानाबद्दल एक अक्षर नाही.

शब्दखडा

तात्या, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. बरोबर आहे.

पुरणयंत्र

पान म्हणजे नुसतं पान नव्हे हो. अधिक मासात जावयाला ३३ चं वाण देतात, त्यात बहुतेक घरी अनारसेच असतात. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास धरतो. मग निथळून फडक्यावर पसरायचे, पूर्ण सुकवायचे नाहीत, हाताला ओलसर लागले पाहिजेत. कुटून, चाळून, गूळ मिसळून गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरवायचा. त्यानंतर तुपात एकेक, खसखस वरच्या बाजूला, उलटायचा नाही. गूळ जास्त पडला किंवा पीठ सैल झालं की अनारसा तुपात पसरून विरघळतो, त्याला अनारसा हसला म्हणतात. ३३ हवे तर पन्नासचं पीठ धरतात, कारण किती हसतील सांगता येत नाही.

म्हणजे ३० तारखेच्या जेवणाची तयारी मामींनी २० च्या आसपास सुरू केली होती. वर त्या दिवशीचे पुरणाचे धोंडे वेगळे.

कट्ट्यावरचा

थोडक्यात, रविवारी फक्त अनारसेच हसले.

वसुधा_७१

अधिक मासात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून जेवू घालतात. नारायणच नैवेद्यावरून उठले म्हटल्यावर त्या माउलीने काय समजायचं? माझा सल्ला, दोन संदेश करा. मामींना वेगळा, मामांना वेगळा. दोघांची दुखणी वेगळी आहेत. एकत्र लिहिलं की मामा पैशाचं वाचतात, मामींना वाटतं आपण यात नाहीच.

घाईत_आहे

दोन दोन संदेश म्हणजे जास्तच होतंय. आणि पैशाच्या कबुलीचं कोणी बोललंच नाही. कायद्याने लेखी कबुली दिली की फेडावंच लागतं.

दस्तखत

घाईत_आहे, अर्धं बरोबर आहे. उसन्या पैशांच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षं असते आणि मुदत संपायच्या आत लेखी सही करून कबुली दिली तर ती नव्याने मोजली जाते. २०१६ चे पैसे असतील तर ती वेळ केव्हाच उलटली. मुदत संपल्यावर नुसती कबुली देऊन दावा जिवंत होत नाही. "फेडतो" असं लेखी, सहीनिशी वचन दिलं तर मात्र तो नवा करार ठरू शकतो. पण हे सगळं पैसे उसने असतील तर. ते उसने होते की मदत होती, हे इथे कोणालाच माहीत नाही.

हडपसरकर, पैसे देताना मामा नेमकं काय म्हणाले होते?

हडपसरकर

"राहू दे तुमच्याकडे," एवढंच. पैसे बँकेतून थेट बिल्डरच्या खात्यात गेले.

कट्ट्यावरचा

"राहू दे तुमच्याकडे" याचा अर्थ लावायला घटनापीठ बसवावं लागेल.

दस्तखत

हसू नका, सगळी गाठ तिथेच आहे. सात वर्षं दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ धरला. म्हणून संदेशात "कर्ज" लिहू नका आणि "भेट" तर मुळीच लिहू नका. "तुमची मदत" लिहा. तो शब्द दोन्ही अर्थांना चालतो आणि कोणाला खाली पाडत नाही. (मदत भेट ठरली तरी तुम्हाला कर नाही, बायकोचे आईवडील आयकराच्या नातेवाईक व्याख्येत येतात. हे फक्त तुमच्या माहितीसाठी, संदेशात घालू नका!)

परत करण्याचं वचन तर अजिबात नको. रविवारी तेच वाक्य तुम्ही शिवी म्हणून वापरलंत. आता नम्रपणे लिहिलंत तरी त्यांना शिवीच ऐकू येईल.

घाईत_आहे

मग सरळ लिहा की नाव चढवतो. सोसायटीत अर्ज दिला की शेअर सर्टिफिकेटवर बायकोचं नाव येतं, आठवड्याचं काम. विषय संपला.

दस्तखत

हा सल्ला घेऊन लोक फसतात. सोसायटीच्या भागपत्रावर सहसदस्य म्हणून नाव आलं म्हणजे फ्लॅटची मालकी आली असं नाही. वारस म्हणून नामनिर्देशन केलं तरी तेच. मालकीतला हिस्सा द्यायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. नवऱ्याने बायकोला राहतं घर किंवा त्यातला हिस्सा बक्षीसपत्राने दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये आहे. त्यावर शहरानुसार स्थानिक अधिभार लागू शकतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या, कारण फ्लॅटच्या किमतीवर तो चांगला जाणवतो.

खरी अडचण पुढे आहे. गृहकर्ज चालू आहे ना? मग फ्लॅट बँकेकडे तारण आहे आणि बँकेच्या ना-हरकतीशिवाय बक्षीसपत्र करता येणार नाही. काही बँका तत्काळ देतात, काही म्हणतात बायकोला सहकर्जदार करा, मग तिच्या उत्पन्नाचे कागद आणा. यात महिने जातात. आज "नाव चढवतो" लिहिलंत आणि दिवाळीपर्यंत चढलं नाही तर दुसरं भांडण पहिल्यापेक्षा मोठं होईल. संदेशात फक्त तेवढंच लिहा जे पूर्ण तुमच्या हातात आहे. उदाहरणार्थ, बँकेत कोणत्या वारी जाऊन विचारणार.

हडपसरकर

कर्ज २०३१ पर्यंत आहे. नाव लावायला माझा विरोध कधीच नव्हता, कोणी नीट विचारलंच नाही.

पण सगळे म्हणताय माझी बाजू काढून टाका. पाहुण्यांसमोर मला विचारलं हे मला लागलंय, त्याचं काय?

शब्दखडा

ते लागणं खरं आहे. पण ते या संदेशात बसत नाही. एका कागदावर माफी आणि तक्रार दोन्ही असली की वाचणारा तक्रारीलाच उत्तर देतो. ते समोर बसून सांगा, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, मामा एकटे असताना. "पैशाचं आणि कागदाचं मला एकट्याला विचारा, मी उत्तर देईन," एवढंच.

वसुधा_७१

मला हे पटत नाही. मनात ठेवलं की ते दिवाळीला बाहेर येतं, आणि दिवाळीला पाहुणे जास्त असतात.

शब्दखडा

असेल. पण तोपर्यंत निदान दिवाळीचं आमंत्रण तरी आलेलं असेल.

लेकुरवाळी

आणखी एक. बायकोला संदेश दाखवा, पण तिच्याकडून दुरुस्त करून घेऊ नका. आईला लेकीचं वाक्य ओळखता येतं, शब्दाशब्दावरून. "हे तिनं लिहून दिलंय" असं वाटलं की सगळं पाण्यात. आणि तिच्या फोनवरून तर मुळीच पाठवू नका. दाखवायचं एवढ्यासाठी की उद्या आईचा फोन आला तर तिला आधीपासून माहीत असावं.

बटणदाबू

तांत्रिक बाजू कोणी सांगितली नाही म्हणून:

संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीत बसून लिहू नका. तुम्ही वीस मिनिटं लिहिता आणि खोडता तेव्हा समोर कोणी खिडकी उघडून बसलं असेल तर त्याला तेवढा वेळ "टाइप करत आहे" दिसतं. नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये लिहा आणि चिकटवा. पाठवल्यावर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्ती करता येते, पण दुरुस्त केल्याची खूण राहते. सगळ्यांसाठी पुसलंत तर पुसल्याची ओळ मागे राहते. सासूबाईंना रात्रभर विचार करायला ती ओळ पुरते.

फोनच्या पडद्यावर सूचनेत पहिली एक-दोन ओळीच दिसतात. पहिली ओळ "तुमच्याशी थोडं बोलायचं होतं" अशी ठेवलीत तर त्यांना वाटेल घटस्फोटाचं आलं. मुख्य वाक्य पहिलं लिहा. फार लांब झालं तर पुढचं "आणखी वाचा" खाली दडतं आणि वयस्कर माणसं ते दाबत नाहीत.

वेळ: सकाळी नको, शुभ सकाळच्या फुलांमध्ये हरवेल. रात्री नको. दुपारच्या चहानंतर, चार-साडेचार.

कट्ट्यावरचा

मामींना फुलं पाठवा, मामांना संदेश. काम फत्ते.

तात्या_मिरजकर

माफी मागायची भाषा पण बघा. "क्षमस्व" हे रस्ता खोदल्याच्या पाटीवर असतं. "दिलगीर आहे" हे बँकेच्या पत्रात. "सॉरी" म्हणजे बसमध्ये पाय पडल्यावर. आपल्याकडे मोठ्यांना म्हणतात "माझं चुकलं". त्याच्या पुढे मागे काही लावायचं नाही.

हडपसरकर

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं.

मामींना:
"मामी, रविवारी मी भरल्या पानावरून उठलो. माझं चुकलं. तुम्ही दहा दिवस आधीपासून राबत होता आणि मी वाणसुद्धा न घेता निघालो. उत्तर द्यावं असं नाही, तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं."

मामांना:
"मामा, नमस्कार. रविवारी पाहुण्यांसमोर पैशाबद्दल मी जे बोललो ते माझं चुकलं. तुमच्या मदतीमुळे आम्ही या घरात आहोत आणि तीच मी तुम्हाला सुनावली. घराच्या कागदाचं तुम्ही तुमच्या लेकीच्या काळजीपोटी विचारलंत. मंगळवारी बँकेत जाऊन तिचं नाव लावायला काय लागतं ते विचारणार आहे, कळेल ते तुम्हाला सांगेन. मी सांगलीला येऊन भेटू इच्छितो. कधी यायचं ते तुम्ही सांगा."

शब्दखडा

खूप सुधारलं. दोन ठिकाणी खडा लागतो. "भेटू इच्छितो" हे अर्जातलं, "येऊन भेटायचं आहे" करा. आणि "काळजीपोटी विचारलंत" मध्ये तुम्ही त्यांच्या मनात शिरताय. कदाचित त्यांनी रागाने विचारलं असेल. "तुम्ही घराच्या कागदाचं विचारलंत, त्याचं उत्तर मी द्यायला हवं होतं," एवढं पुरे.

मामींच्या संदेशात "उत्तर द्यावं असं नाही" हे चांगलं आहे. तिथे माणूस मोकळा होतो.

दस्तखत

बँकेचं वाक्य बरोबर. मंगळवार लिहिलात तर मंगळवारी खरंच जा. आणि जे कळेल ते वाईट असलं तरी कळवा.

वसुधा_७१

एक प्रश्न राहिला. बोललात पंधरा जणांसमोर आणि माफी दोघांच्या फोनवर. मामांचा अपमान पाहुण्यांत झाला, तो पाहुण्यांत कसा भरून निघणार?

घाटमाथा

कुटुंबाच्या ग्रुपवर टाका.

लेकुरवाळी

अजिबात नाही. ग्रुपवर टाकलं की चौघे अंगठा दाखवणार, दोघे "जाऊ द्या हो" म्हणणार आणि मामांना उत्तर द्यायची सक्ती होणार. ते झालं की तेही तमाशाच.

तात्या_मिरजकर

ग्रुप नको, पण वसुधाताईंचा मुद्दा सोडू नका. मेव्हणा होता ना तिथे? त्याला फोन करून एक वाक्य सांगा, "माझं चुकलं, मी मामांना तसं कळवलंय." बाकी पाहुण्यांपर्यंत ते त्याच्याकडून आपोआप जाईल. सांगलीत बातमी एसटीपेक्षा आधी पोचते.

वसुधा_७१

मेव्हण्याला सांगणं म्हणजे पाहुण्यांना सांगणं का? मला अजून शंका आहे. असो.

हडपसरकर (६ ऑगस्ट)

काल साडेचारला दोन्ही पाठवले. मेव्हण्यालाही फोन केला, तो "बरं" म्हणाला. मामांच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मामींनी अजून उघडलेलाच नाही. अजून एक पाठवू का, मिळाला का म्हणून?

बटणदाबू

नाही! मामांनी वाचला म्हणजे मामींनी ऐकला. ते मोठ्याने वाचतात की नाही?

हडपसरकर

वाचतात. चष्मा लावून, पूर्ण घराला ऐकू जाईल असं.

शब्दखडा

मग झालं. दुसरा संदेश पाठवलात की पहिल्याचं ओझं त्यांच्यावर टाकता. फक्त मंगळवारी बँकेतून आल्यावर जे कळलं ते मामांना एका ओळीत कळवा. ते तुम्ही आधीच कबूल केलंय, म्हणून तो आग्रह ठरत नाही.

हडपसरकर (८ ऑगस्ट, संध्याकाळी)

बँकेत गेलो. शाखेत सांगितलं की ना-हरकतीसाठी अर्ज मुख्य कार्यालयाकडे जातो आणि बायकोला सहकर्जदार करावं लागेल, तिची दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतील. मामांना लिहिलं: "मामा, बँकेत जाऊन आलो. तिला कर्जात घ्यावं लागेल, तिचे कागद जमवतोय. वेळ लागेल, किती ते अजून सांगितलं नाही."

दस्तखत

उत्तम. "वेळ लागेल" लिहिलंत ते विशेष. अर्ज दिलात की पोचपावती घ्या आणि तारीख लिहून ठेवा, शाखेत तोंडी विचारलेलं कोणाला आठवत नाही.

घाईत_आहे

मी म्हटलं होतं, आठवड्याचं काम.

कट्ट्यावरचा

कोणत्या वर्षाचा आठवडा ते नव्हतं म्हटलं.

हडपसरकर (१० ऑगस्ट)

मामींचा संदेश आला. एवढाच: "पंधरा ऑगस्टला सुट्टी असते ना?"

याचा अर्थ काय धरायचा? मामांचं अजून काही नाही.

घाटमाथा

झेंडावंदनाबद्दल विचारत असतील.

लेकुरवाळी

घाटमाथा, नमस्कार आहे तुम्हाला.

तात्या_मिरजकर

अहो, अधिक मास १६ तारखेला संपतो. नंतर वाण देता येत नाही, पुढचा अधिक २०२६ च्या ज्येष्ठात. मामींनी पंचांग बघून विचारलंय. उत्तर "हो, सुट्टी आहे" एवढंच लिहा. "येऊ का" विचारू नका, त्या पुढे स्वतः लिहितील.

वसुधा_७१

मामींचं बोलावणं आहे. मामांचं आहे की नाही हे कळत नाही. घर मामांचंही आहे.

शब्दखडा

मामांचा फोन घरात मोठ्याने वाचला जातो, हे विसरू नका. मामींनी त्यांच्या नकळत विचारलं असेल असं मला वाटत नाही. पण खात्रीने कोणीच सांगू शकत नाही.

हडपसरकर

"हो मामी, सुट्टी आहे" पाठवलं. लगेच निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.

पुरणयंत्र

कढईत तूप तापत असेल. ३० तारखेचे अनारसे हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकतात, पण मामी जुने वाणात देणार नाहीत. पीठ मात्र पन्नासचं मळलेलं असतं, त्यातलं उरलेलं मुरत पडलंय. जास्त मुरलं की ते तुपात आधी हसतं, त्यांना थोडं तांदळाचं पीठ घालून सावरायला सांगा. म्हणजे, तुम्ही सांगू नका. बायकोला सांगू दे.